प्रकल्प नोंदी: दिवाळीचे फराळ बॉक्स, माणशी हिशेब (२०२५)

२० ऑगस्ट, बुधवार

कारखान्याच्या मालकांनी सकाळी बोलावून सांगितलं, "गेल्या वर्षी माणशी सातशे गेले होते, यंदा हजार करू. पंचवीस हजार धरा." काम माझ्याकडे आलं. मुदत वसुबारसेपर्यंत, म्हणजे १७ ऑक्टोबर.

आधी गेल्या वर्षीची फाईल काढली. तेव्हा हे काम दुसऱ्याकडे होतं. त्यात एक नाही, दोन बिलं आहेत. पहिलं २४ बॉक्सचं, ४८० रुपयांच्या दराने. दुसरं दोन दिवसांनंतरचं, त्याच दुकानाचं, ९ बॉक्सचं, पण दर ५६०. ऐन धनत्रयोदशीला कुणीतरी पळत जाऊन काउंटरच्या भावाने आणलेले दिसतात. एकूण १६,५६० रुपये.

मालकांचे 'माणशी सातशे' कुठून आले तेही कळलं. १६,५६० भागिले पगारपत्रकावरची २४ माणसं म्हणजे ६९०. पण बॉक्स ३३ जणांना मिळाले होते. त्यामुळे प्रत्यक्षात एका माणसामागे ५०२ रुपये गेले. खर्च तोच, भागाकार वेगळा. कुणाच्या हातात ६९० रुपयांची वस्तू पडलीच नव्हती, आणि त्याच आकड्यावर यंदाची वाढ ठरतेय. म्हणून दुकानांचे दर नंतर. आधी माणसं मोजायची.

२३ ऑगस्ट, शनिवार

यादी करायला बसले. पगारपत्रकावर २४ आहेत, तिथे वाद नाही. त्याबाहेर ठेकेदाराचे पाच जण, जे वर्षभर आपल्याच मशिनवर उभे असतात. दोन अॅप्रेंटिस. एजन्सीचे दोन वॉचमन काका. सफाईच्या मावशी, त्या तर महिन्याच्या व्हाउचरवर. आणि रोज माल नेणारा टेम्पोवाला, जो कागदोपत्री आपला कुणीच नाही, पण सुपरवायझर दादा म्हणतात त्याला वगळलं तर मी बॉक्स वाटायला येणार नाही. एकूण ३५.

ठेकेदाराची माणसं ठेकेदाराने बघावीत, असं एक मत ऑफिसात आहे. नियमाने ते बरोबरही असेल. पण बॉक्स वाटले जातात मशिन शॉपवर, सगळ्यांसमोर. एकाच बेंचवरच्या दोघांपैकी एकाच्या हातात पिशवी आणि दुसऱ्याचे हात रिकामे, हे पंचवीस हजार खर्चून मिळवायचं असेल तर न वाटलेलंच बरं. मालकांना यादी दाखवली. त्यांनी पूर्ण वाचली, मावशींच्या नावापाशी "या होत्याच ना गेल्या वर्षी?" एवढं विचारलं आणि सही केली. दुसऱ्या बिलातल्या नऊ बॉक्सचा उलगडा तिथेच झाला. पगारपत्रकाबाहेरचे लोक आयत्या वेळी आठवले होते.

३५ वर दोन जास्तीचे धरले. दिवाळीपर्यंत कुणी नवीन रुजू होईल, एजन्सी बदली वॉचमन पाठवेल, एखादा बॉक्स फुटेल. म्हणजे मागवायचे ३७.

आता पंचवीस हजार भागिले २४ केलं तर १,०४२ येतात, भागिले ३७ केलं तर ६७६. मालकांच्या डोक्यातले हजार इथेच संपले. त्यांना दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून दिले. रक्कम वाढवणार नाही म्हणाले, पण यादीही कापू नका म्हणाले. मला त्यातलं दुसरं जास्त महत्त्वाचं वाटलं.

२५ ऑगस्ट, सोमवार

परवापासून गणपती, मग आठवडाभर कुणी भेटणार नाही. त्याआधी शीट तयार करून ठेवतेय.

दुकानदाराला "आमचं बजेट ६७६" असं सांगून चालत नाही, कारण त्यातले सगळे पैसे खाऊवर जात नाहीत. टेम्पोभाडं ६०० रुपये, बॉक्स कितीही असले तरी तेवढंच. बॉक्स घालून द्यायची कापडी पिशवी १५ रुपये, ती प्रत्येकी. आणि जीएसटी.

जीएसटीचं आपल्याकडे नेहमी "तो काय, परत मिळतो" असं होतं, कारण स्टीलच्या मालावर क्रेडिट घ्यायची सवय आहे. भेट म्हणून दिलेल्या वस्तूंवर ते मिळत नाही. सीजीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) मध्ये भेटवस्तू स्पष्टपणे वगळलेल्या आहेत. म्हणजे बिलावरचा कर हा पूर्ण आपला खर्च, आणि तो माणशी आकड्यात धरावाच लागतो. सीएंच्या ऑफिसात फोन करून खात्री केली. त्यांनी त्यातच सांगितलं की कर्मचाऱ्याला वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंतची भेट दिली तर आपल्याला वर वेगळा जीएसटी भरावा लागत नाही. आपल्या आकड्यांना ती मर्यादा फारच दूर आहे.

त्यामुळे हिशेब उलटा मांडला. एकूण रकमेतून आधी ठरीव खर्च काढायचा, मग बॉक्सच्या संख्येने भागायचं, मग पिशवी वजा करायची आणि शेवटी कर काढून टाकायचा. उरतो तो दुकानदाराने सांगायचा दर.

```
=((B1-B2)/(B3+B4)-B5)/(1+B6)
```

B1 एकूण रक्कम, B2 टेम्पोभाडं, B3 माणसं, B4 जास्तीचे बॉक्स, B5 पिशवी, B6 कराचा दर. २५,०००, ६००, ३५, २, १५ आणि पाच टक्के घातले की ६१३ येतात. कर नसेल तर ६४४. हे दोन आकडे डायरीच्या कव्हरवर लिहिले. ६१३ च्या वर 'जीएसटी वेगळा' म्हणणाऱ्याशी बोलायचं नाही.

ऑफिसातून एक सूचना आली: स्टाफच्या सहा जणांना हजाराचा बॉक्स द्यावा, बाकीच्यांना साधा. शीटमध्ये करून बघितलं. टेम्पो वजा जाता २४,४०० उरतात. त्यातले सहा हजार सहा जणांचे. मग बाकी ३१ बॉक्सना सगळा खर्च धरून ५९३ येतात, आत्ता ६५९ येतात. सहा जणांच्या वाढीव बॉक्सचे पैसे शॉपवरची माणसं प्रत्येकी ६६ रुपयांनी भरणार. हा आकडा तोंडी सांगितल्यावर सूचना करणाऱ्यानेच ती मागे घेतली. हुद्द्याचा मान राखायचा तर बोनसमध्ये राखा, ती पाकिटं बंद असतात.

३० ऑगस्ट, शनिवार

गौरीच्या आधी दोन ठिकाणी जाऊन आले.

एक नेहमीचं मिठाईचं दुकान. अर्धा किलो मिक्स मिठाई ६४० रुपये किलोने, म्हणजे ३२०, आणि अर्धा किलो पाकीटबंद चिवडा २००. एकूण ५२० अधिक कर. "बॉक्स फ्री," हे त्यांनी आवर्जून सांगितलं. नमुना म्हणून एक मिठाईचा बॉक्स विकत घेतला.

दुसरा भेटवस्तूंचा व्यापारी. मोठा चकचकीत ट्रे, त्यात बदाम, काजू, मनुका यांच्या छोट्या बरण्या आणि चॉकलेट. दर ५६०, वर १८ टक्के. बदामावर आणि काजूवर १८ कसे, असं विचारलं. तो म्हणाला, चॉकलेटमुळे. वेगवेगळ्या वस्तू एकाच किमतीत एकत्र विकल्या की त्यातल्या सगळ्यात जास्त दराचा कर पूर्ण बॉक्सला लागतो. हे खरं आहे, जीएसटीत त्याला मिश्र पुरवठा म्हणतात. त्याने बॉक्स ६६१ ला पडतो. आमची मर्यादा, त्यांची पिशवी त्यातच धरून, ६५९.

दोन रुपयांसाठी सोडवत नव्हतं, पण बरण्या हातात घेऊन बघितल्या. सगळ्या मिळून २४० ग्रॅम. ट्रे दोन हात लांब आणि घरात पाच माणसं.

१ सप्टेंबर, सोमवार

मिठाईचा नमुना पॅकिंगच्या टेबलावरच्या छोट्या काट्यावर ठेवला. तो एक ग्रॅमपर्यंत दाखवतो. झाकण, बटर पेपर, सगळ्यासकट ५०२ ग्रॅम. मिठाई काढून रिकामा बॉक्स ठेवला: ७८ ग्रॅम. मिठाई निघाली ४२४ ग्रॅम.

म्हणजे 'फ्री' बॉक्स मिठाईच्या भावाने विकला गेला. ७८ ग्रॅम पुठ्ठ्याचे जवळपास ५० रुपये. ३२० रुपयांत ४२४ ग्रॅम म्हणजे खरा भाव किलोला ७५५ झाला, ६४० नाही. ३७ बॉक्सवर हे १,८०० रुपयांच्या आसपास जातात. वजन हे निव्वळ मालाचंच असायला हवं, खोक्यासकट तोलणं वैधमापन कायद्यात बसत नाही, आणि दिवाळीच्या तोंडावर त्यासाठी तपासण्याही होतात. दुकानात फोन करून विचारलं तर म्हणाले, "मोठी ऑर्डर असेल तर नेट वजनाने देऊ ना." म्हणजे माहीत आहे.

यापुढे कुठल्याही दराशेजारी शीटमध्ये आणखी एक रकाना: निव्वळ वजन. दर बॉक्सचा नाही, आतल्या मालाचा लिहायचा.

४ सप्टेंबर, गुरुवार

काल जीएसटी परिषदेची ५६वी बैठक झाली, आज पेपरभर तेच आहे. २२ सप्टेंबरपासून पाकीटबंद फरसाण १२ वरून ५ टक्क्यांवर, बदाम-पिस्ते १२ वरून ५ वर, चॉकलेट १८ वरून थेट ५ वर. मिठाई आधीपासूनच ५ वर होती.

मिठाईवाल्याचा फरक किरकोळ, चिवड्यापुरता, बॉक्समागे १४ रुपये. पण ट्रेवाल्याचा ६६१ चा बॉक्स आता ५८८ ला बसतो. लगेच त्याचाच फोन आला. आता देऊन टाका ऑर्डर, बिल या आठवड्यात करून घेऊ, माल ऑक्टोबरमध्ये पोहोचवतो. बिल आणि पैसे दोन्ही २२ तारखेच्या आधी झाले तर जुनाच दर लागतो. त्याला तेच हवं असेल असं नाही, महिन्याचं टार्गेट असेल. पण आपण कुठलंही बिल २२ सप्टेंबरच्या आधीच्या तारखेचं घ्यायचं नाही, एवढं ठरलं.

ट्रे स्वस्त झाला तरी आतले २४० ग्रॅम २४० च राहिले.

९ सप्टेंबर, मंगळवार

आज ज्याने निर्णय फिरवला ती गोष्ट दरपत्रकात नव्हती. सुट्टीचे अर्ज बघत होते. ठेकेदाराचे पाचही जण आणि आपल्याकडचे चौघे १४ ऑक्टोबरच्या रात्रीच्या गाडीने बिहारला निघणार आहेत. दिवाळी आणि छठ करूनच परत येतील. गाडीला दीड दिवस लागतो, पुढे बस. म्हणजे नऊ जणांना बॉक्स वसुबारसेला नाही, १४ तारखेला दुपारी हवाय, आणि तो घरी उघडला जाणार दोन दिवसांनी, संपणार त्याच्याही नंतर.

खव्याची मिठाई त्यात बसतच नाही. एफएसएसएआयने सुट्या मिठाईसाठी जी ढोबळ मुदत दिली आहे त्यात पेढा-बर्फी चार दिवसांत धरली आहे, काजू कतली सात, आणि बेसनाचा लाडू तीस. दुकानाला प्रत्येक ट्रेसमोर 'कधीपर्यंत वापरावी' हे लिहावं लागतं, तेही शनिवारी जाऊन बघितलं. पेढ्यासमोर तिसऱ्या दिवसाची तारीख होती. रेल्वेच्या डब्यात, ऑक्टोबर हीटमध्ये, ते तीनही नाहीत.

नऊ जणांना वेगळा बॉक्स आणि बाकीच्यांना वेगळा असं करता येईल. पण मग दोन ऑर्डर, दोन दर, दोन्हीचे जास्तीचे बॉक्स, आणि कुणाला काय मिळालं याची चर्चा. सगळ्यांना टिकणारंच देऊ. म्हणजे फराळ.

स्टोअरच्या ताईंची जाऊबाई एका महिला बचत गटात आहे, ते दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी घेतात. शुक्रवारी भेट ठरली.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

गटाच्या घरी गेले. मागच्या खोलीत भट्टी, शेवेचे दोन सोरे, पत्र्याच्या डब्यांवर खडूने तारखा. एफएसएसएआयची नोंदणी भिंतीला लावलेली, क्रमांक टिपून घेतला. तो आणि बनवल्याची तारीख पाकिटावर येईल म्हणाल्या.

दर किलोचे: बेसन लाडू ६२०, चकली ५००, शंकरपाळे ४२०, पातळ पोह्यांचा चिवडा ३६०. खोका आणि आतली चार पाकिटं मिळून ४५, वेगळे. हे वेगळे लिहिलेले ४५ बघून बरं वाटलं.

मी ३०० ग्रॅम लाडू, ३०० चिवडा, २५० चकली, २५० शंकरपाळे असा बॉक्स मांडला. १८६, १०८, १२५, १०५, मिळून ५२४. खोक्यासह ५६९. निव्वळ माल १,१०० ग्रॅम.

गटाची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेच्या आत आहे, त्यामुळे बिलावर जीएसटी नाही. सुपरवायझर दादांना ही गोष्ट खटकली, "पक्कं बिल नाही म्हणजे?" बिल पक्कंच आहे, फक्त त्यात कराची ओळ नाही. आणि आपल्याला त्या कराचं क्रेडिट मिळणारच नव्हतं, म्हणून तुलना सरळ शेवटच्या रकमेची करायची. इकडे मर्यादा ६४४, दर ५६९. मिठाईवाला ५४६, पण त्यात ९२४ ग्रॅम. ट्रे ५८८, त्यात २४० ग्रॅम आणि चॉकलेटं. तिन्ही ओळी मालकांना पाठवल्या, निव्वळ वजनाच्या रकान्यासकट. उत्तर आलं: "फराळ."

पैसे रोख द्याल का, असं गटाच्या काकूंनी विचारलं होतं. एका दिवसात एकाला दहा हजारांच्या वर रोख दिले तर आयकरात तो खर्च धरला जात नाही. बँकेतूनच देणार असं सांगितलं. गटाचं खातं आहे, अडचण नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

शॉपवर बातमी पोहोचली आहे. काही जण म्हणाले, खाऊ नको, पाकिटात पाचशे द्या. मागणी चुकीची नाही, म्हणून सीएंना विचारलं. रोख दिली तर ती पगारातच धरायची, पहिल्या रुपयापासून करपात्र. वस्तू किंवा व्हाउचर मात्र वर्षभरात मिळून पाच हजारांच्या आत असेल तर माणसाच्या उत्पन्नात धरत नाहीत. आपल्या बहुतेकांना तसाही कर बसत नाही, तेव्हा हे कारण दोन-तीन जणांपुरतंच. मालकांचं खरं कारण वेगळं आहे: बोनसची रोख याच महिन्यात जातेच, आणि दिवाळीचा बॉक्स त्या आकड्यात मिसळला की पुढच्या वर्षी तो बोनसचाच भाग समजला जातो. मला हे पटलं.

'वर्षभरात मिळून' यावरून आठवलं, जूनमध्ये पंचवीस वर्षं पूर्ण झाली म्हणून एका ऑपरेटरना मिक्सर दिला होता, ३,८०० चा. त्यात आताचे साडेसहाशे घातले तरी ४,५०० च्या आत राहतात. मार्चपर्यंत त्यांना आणखी काही द्यायचं झालं तर आधी ही ओळ बघायची.

३० सप्टेंबर, मंगळवार

गटाला ऑर्डर दिली. दर लेखी, १७ ऑक्टोबरपर्यंत बदलणार नाही. निम्मे पैसे आगाऊ.

५६९ आणि ६४४ यांच्यातले ७५ रुपये इतके दिवस मुद्दाम हलवले नव्हते, कारण दसऱ्याच्या सुमाराला तेल-डाळ चढली की घरगुती फराळाचे दर दोन दिवसांत बदलतात. आता दर बांधला गेला, तर ते पैसे बॉक्समध्ये घालायचे. सूचना भरपूर आल्या: उटणं, पणत्या, छोटा कंदील. पण मला लाडवांचं सोडवायचं होतं. गटाचा लाडू ४० ग्रॅमचा होतो. ३०० ग्रॅम म्हणजे साडेसात लाडू. वजन जुळवायला काही बॉक्समध्ये सात जातील, काहींत आठ, आणि दुसऱ्या दिवशी शॉपवर तेवढंच मोजलं जाईल. चिवडा कुणी मोजत नाही, लाडू सगळे मोजतात. म्हणून ४०० ग्रॅम, सरळ दहा लाडू. ६२ रुपये वाढले, बॉक्स ६३१ झाला.

आता एकूण: बॉक्स २३,३४७, पिशव्या ५५५, टेम्पो ६००. बेरीज २४,५०२. हातात ४९८ शिल्लक. तेवढी सैल बाजू ठेवायची, तिला हात लावायचा नाही.

मधुमेह असलेल्या दोघांसाठी लाडू-शंकरपाळ्यांऐवजी तेवढ्याच किमतीची चकली आणि चिवडा. काकू म्हणाल्या, खोक्यावर खूण करून देते.

८ ऑक्टोबर, बुधवार

एक हेल्पर काम सोडून गेला, दोन नवीन आले. ३५ चे ३६ झाले. ऑर्डर ३७ चीच आहे, जास्तीच्या दोनातला एक लागला. शीटमध्ये B3 वाढवला, B4 कमी केला, रक्कम जागची हलली नाही.

मालकांनी चार बॉक्स अजून सांगितले: बँकेतले साहेब, दोन कस्टमर, एक जुना सप्लायर. दिले, पण गटाकडून वेगळ्या बिलावर, आणि आपल्याकडे 'व्यवसाय वृद्धी खर्च' या खात्यात. कर्मचारी कल्याणात ते घातले असते तर पुढच्या वर्षी फाईल उघडणाऱ्याला पुन्हा कुठला तरी चुकीचा भागाकार सापडला असता.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

पहिले नऊ बॉक्स दुपारी दीडला आले. आपला टेम्पो त्याच बाजूला माल टाकायला गेला होता, येताना घेऊन आला, भाडं वाढलं नाही.

वाटायच्या आधी तीन खोके उघडून पाकिटं काट्यावर ठेवली. लाडू दहा-दहा, ४०० च्या जरा वरच. चकली, शंकरपाळे बरोबर. चिवडा मात्र तिन्हींत २८० ते २८५. फोन केला तर काकूंनी न वळवता सांगितलं की ३०० ग्रॅम भरलं की पाकीट सील होत नाही, पोहे हलके म्हणून फुगतं. मोठं पाकीट वापरा म्हटलं. या नऊ जणांचा कमी पडलेला चिवडा एका पिशवीत एकत्र पाठवला त्यांनी संध्याकाळी पाचला, आणि तो गाडीत खायला म्हणून नऊ जणांनीच वाटून घेतला. चकलीचं पाकीट तळाला होतं, ते वर ठेवायला सांगितलं, नाहीतर घरी पोहोचेपर्यंत तुकडे.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

उरलेले २८ आले. पाच उघडून तोलले, चिवडा ३०० भरला. पाकीट मोठं झालं म्हणून खोक्याचं झाकण जेमतेम बसतंय, पण बसतंय. चारच्या चहाला वाटप झालं. यादीवर प्रत्येकाची सही घेतली, वॉचमन काकांची आणि मावशींचीही. भेट कुणाला दिली याचा तोच पुरावा.

रात्रपाळीला एजन्सीने बदली वॉचमन पाठवला होता. ३७ वा बॉक्स त्याला.

२७ ऑक्टोबर, सोमवार

हिशेब बंद केला. एकूण २४,५०२. मिळालेली माणसं ३७, माणशी ६६२. मंजूर रकमेतले ४९८ परत खात्यात. व्हाउचरला गटाचं बिल, पिशव्यांचं बिल, टेम्पोची पावती आणि सह्यांची यादी जोडली.

मालकांनी "मग हजार कधी?" असं विचारलं. शीटमध्ये उलटं करून सांगितलं: हीच यादी, हाच मार्ग, आणि माणशी हजार म्हणजे ३७,०००. त्यांनी आकडा कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला. गटाच्या काकूंनी निरोप दिलाय, पुढच्या वर्षी ऑर्डर गणपतीच्या आधी सांगा, तेव्हा डाळ एकदम घेता येते आणि लाडवाचा दर किलोला वीस रुपयांनी खाली आणता येईल. ३७ बॉक्समागे ते जवळपास ३०० रुपये होतात. शीटमध्ये पुढच्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याची आठवण लावली.